दोन गाड्या, एक एकर

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरच्या स्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, असे पाच लाख लिटर पाणी घेऊन ती मिरजेहून आली होती. ‘जलदूत’ हे तिचे नाव घरोघरी पोचले. माणसांना प्यायला रेल्वेने पाणी आणावे लागते, या एका चित्राने त्या वर्षीचा मराठवाड्याचा दुष्काळ देशापुढे उभा केला.

लेखाचा व्हिडिओ करायला बसलेल्या माणसाला गोत्यात आणते तेही हेच चित्र.

लातूरच्या त्या उन्हाळ्यावर मराठीत दीर्घ लेख भरपूर आले. त्याच धाटणीचा २४०० शब्दांचा एक लेख नमुना म्हणून समोर ठेवला, तर काम कसे चालते ते नीट दिसते. सुरुवातीला पहाटेच्या अंधारात पाणवठ्यावर लागलेली घागरींची रांग, चांगले साडेतीनशे शब्द. मग शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास. मग धनेगावचे मांजरा धरण कसे आटत गेले, ती हकीकत. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या वर्षांतला अपुरा पाऊस. त्यानंतर साखर कारखाने, उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब, शेतकऱ्याचे अर्थकारण, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाचा १९९९चा अहवाल, आणि शेवटी उपाय. चहाचा दुसरा कप संपेपर्यंत पुरेल असे वाचन. आणि संपादक सांगतो, “याचं दीड मिनिट कर. उभ्या फ्रेममध्ये.”

दीड मिनिटच का, याला फार मोठे शास्त्र नाही. इन्स्टाग्रामने २०२२मध्ये रीलची मर्यादा ९० सेकंदांवर नेली आणि तेवढ्या मापाची पटकथा लिहायची सवय लागली. पुढे मर्यादा तीन मिनिटांवर गेली, पण दीड मिनिटाचे माप रुळले ते रुळलेच.

नवखा लेखक काय करतो, तर प्रत्येक भागाला सारखी कात्री लावतो. साडेतीनशे शब्दांचे दोन वाक्यांत, चारशेचे तीन वाक्यांत. त्यातून जे हाती लागते ते साधारण असे असते: “लातूर. पाण्यासाठी वणवण. पहाटेपासून घागरींच्या रांगा. मांजरा धरण कोरडं पडलं. सलग दोन वर्षं पावसाने दगा दिला. अखेर मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. उसाची लागवड आणि नियोजनाचा अभाव यामुळेही परिस्थिती बिकट झाल्याचं जाणकार सांगतात. आता गरज आहे पाणी जपून वापरण्याची.”

यात एकही वाक्य खोटे नाही. तरीही लेखाचा जीव गेलेला आहे, आणि तो ‘यामुळेही’ या एका शब्दात गेला आहे. मूळ लेखाने दीड हजार शब्द खर्चून जे मुख्य कारण म्हणून मांडले, ते शेवटच्या ‘ही’ने जाता जाता सांगायच्या गोष्टीत ढकलले. बघणाऱ्याच्या मनात उरते काय, तर गाडी आणि घागर.

म्हणून या धंद्यात मुरलेली माणसे कात्री हातात घेण्याआधी एक वाक्य लिहून काढतात. लेख कशावर आहे ते सांगणारे वाक्य इथे चालत नाही. ‘लातूरची पाणीटंचाई’ हा विषय झाला. ‘पाणी जपून वापरावे’ हेही मुद्द्याचे नाही, कारण त्याला नाही म्हणणारा माणूस सापडायचा नाही. वाक्य असे हवे, की कुणीतरी उठून भांडायला यावे, आणि त्यात ‘कारण’ हा शब्द असावा. या लेखाचे वाक्य असे निघते: लातूरची टंचाई जशी पावसाने आली तशीच पिकाच्या निवडीनेही आली, कारण जास्त पाणी पिणाऱ्या उसामागे जशी खात्रीची खरेदी उभी आहे, तशी कमी पाण्याच्या तुरी-हरभऱ्यामागे नाही. यावर साखर कारखान्याचा संचालक भांडेल, आणि हवामानाचा अभ्यासक ‘पावसाचा वाटा किती ते आधी सांगा’ म्हणेल. म्हणजे वाक्य जमले.

मग पेन्सिल घेऊन लेख पुन्हा वाचायचा आणि प्रत्येक भागापाशी थांबून विचारायचे, हा भाग काढला तर ते वाक्य पडते का? घागरींची रांग काढली, वाक्य उभेच. पाणीपुरवठ्याचा इतिहास काढला, तरी उभे. चितळे आयोगाचा उतारा काढताना लेखकाचा हात अडखळतो, आणि ते साहजिक आहे. पाणी कमी असलेल्या खोऱ्यांत उसाला आवर घालायला हवा, हे १९९९मध्येच लिहून ठेवलेले होते, ही गोष्ट लेखात वाचकाला चटका लावते. पण ती ‘ठाऊक असून ऐकले नाही’ हा वेगळा मुद्दा सांगते. तो स्वतंत्र दीड मिनिटांचा ऐवज आहे. या व्हिडिओत तो घुसला, की पाहुण्याने यजमानाची खुर्ची बळकावल्यासारखे होते.

उलट शेतकऱ्याच्या अर्थकारणाचा भाग कोरडा असतो आणि घाईत पहिला त्याचाच बळी जातो. तो गेला तर वाक्यातला ‘कारण’नंतरचा तुकडाच निखळतो. मग उरते ‘शेतकऱ्यांनी ऊस लावला म्हणून शहर तहानले’. मूळ लेखक ज्याच्या विरुद्ध लिहीत होता, तेच विधान त्याच्या नावावर चिकटते. काटछाटीत मुद्दा नुसता पुसट होतो असे नाही, तो उलटूही शकतो.

आता पुरावा. लेखात आकडे दहा-बारा असतात आणि दीड मिनिटात कानाला एकच नीट पेलतो. या विषयावरचा सर्वांत गाजलेला आकडा म्हणजे राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा चारेक टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात सत्तरच्या आसपास. कागदावर तो परिणामकारक आहे. कानाला मात्र दोन वेगवेगळ्या गोष्टींच्या दोन टक्केवाऱ्या पाठोपाठ ऐकू येतात, आणि कशाचे चार नि कशाचे सत्तर, हे लक्षात येईपर्यंत पुढची तीन वाक्ये निघून जातात. शिवाय तो आकडा राज्याचा आहे, गोष्ट लातूरची चालली आहे.

मग गाडीचेच माप का करू नये? बघणाऱ्याच्या डोळ्यांत ती आधीच भरलेली आहे. नंतरच्या दिवसांत ती पन्नास वाघिणींची झाली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. आता ऊस. बारा महिन्यांच्या सुरू उसाला साधारण २००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर हेक्टरी दोन कोटी लिटर होतात, एकरी सुमारे ८० लाख. भागाकार केला की तीन गाड्या आणि वर थोडे. ‘एका एकराला तीन गाड्या’ हे वाक्य हातात आले, की कुणालाही टाळी मिळाल्यासारखे वाटेल.

इथेच थांबायला हवे. त्या २००० मिलिमीटरमध्ये पावसाचे पाणीही आले. मराठवाड्यात सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो वजा न करता तीन गाड्या म्हणणे, म्हणजे आभाळातून पडलेले पाणीही उसाच्या नावावर मांडणे. पहिल्याच दिवशी कुणीतरी हे बोट दाखवील, आणि मग खरा मुद्दाही त्या बोटामागे झाकला जाईल. म्हणून ८०० मिलिमीटर पूर्ण वजा करायचे. खरे तर पडलेला सगळा पाऊस पिकाला मिळत नाही, काही वाहून जातो, आणि दुष्काळी वर्षात तो पडतही नाही. तरीही उसाला झुकते माप द्यायचे. उरतात १२०० मिलिमीटर, एकरी जवळजवळ ४९ लाख लिटर. म्हणजे दोन गाड्या. तीनाच्या दोन झाल्याने वाक्याची धार कमी होत नाही, आणि आता ते कुठल्याही सभेत उभे राहू शकते.

संक्षेप करताना खोटेपणा शिरतो तो बहुधा असाच, एखादा शब्द वाचवण्याच्या नादात. दुसरे उदाहरण याच पटकथेतले. ‘उसाला हमी आहे, तुरीला नाही.’ पाच शब्द, ठसठशीत, आणि चूक. तुरीलाही सरकार दरवर्षी हमीभाव जाहीर करते. फरक असा, की त्या भावाने तूर घ्यायला बाजारातला व्यापारी बांधलेला नाही, आणि सरकारी खरेदी केंद्रावर माल जाईलच याची खात्री नाही. उसाच्या बाबतीत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, देणे कारखान्याला कायद्याने भाग आहे, तेही चौदा दिवसांत. पैसे थकतात ही रड वेगळी, पण मागायला आधार असतो. हा फरक राखायला सात-आठ शब्द जास्त पडतात. ते घागरींच्या रांगेतून काढून इथे द्यावेत.

शब्दांचे अंदाजपत्रक मांडताना मराठीत एक गंमत होते. निवेदनाच्या शांत लयीत मिनिटाला सव्वाशेच्या आसपास मराठी शब्द बसतात, म्हणजे दीड मिनिटात १८०च्या आगेमागे. पण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘धरणातल्या पाण्यासाठीसुद्धा’ हे मोजणीला दोन शब्द आणि तोंडाला अकरा अक्षरे. ‘२०१६’ हा कागदावर एक आकडा, बोलताना ‘दोन हजार सोळा’. त्यामुळे संगणकाने दाखवलेल्या शब्दसंख्येवर विसंबलेला लेखक रेकॉर्डिंगच्या वेळी दहा-बारा सेकंदांनी हमखास फसतो. घड्याळ लावून मोठ्याने वाचणे हाच एक उपाय. आणि आकडे पटकथेत अक्षरी लिहिणे, म्हणजे निवेदक अडखळत नाही. चित्राला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून जाणती माणसे दीडशे-पावणेदोनशेवरच थांबतात.

हे सगळे सांभाळून निवेदन असे तयार होते:

“ही गाडी मिरजेहून लातूरला आली, एप्रिल दोन हजार सोळामध्ये. आत पाच लाख लिटर पाणी. लातूरची वस्ती पावणेचार लाखांच्या पुढे. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास.

दोन वर्षं पाऊस कमी झाला, हे खरंच. पण गोष्ट तिथे संपत नाही.

पुढे गाडी मोठी झाली. पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर.

आता हा एक एकर ऊस बघा. पावसाचं सगळं पाणी वजा करा. तरी वर्षभरात याला वरून द्यावं लागतं, जवळजवळ पन्नास लाख लिटर. म्हणजे अशा दोन गाड्या. एका एकराला.

मग शेतकरी ऊस का लावतो? तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने ती कुणी घेईलच असं नाही. उसाचा किमान दर कारखान्याला कायद्यानेच द्यावा लागतो. पैसे उशिरा येतील, पण माल पडून राहत नाही. तुम्ही त्याच्या जागी असतात तर काय लावलं असतं?

ठिबकने पाणी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागला, तर धरणात आणि विहिरीत काय उरलं?

लातूरची टंचाई आभाळातून आली, तशी बाजारातूनही आली. तुरीला आणि हरभऱ्याला उसासारखा खात्रीचा गिऱ्हाईक मिळाला, तर पुढच्या दुष्काळात ही गाडी कमी वेळा लागेल.”

दीडशेच्या आसपास शब्द. पहिल्या वाक्याआधी दोन-तीन सेकंद नुसती चाकांची घरघर, आणि ‘एका एकराला’नंतर एक पूर्ण श्वास. तो श्वास पटकथेत कंसात लिहून ठेवावा लागतो, नाहीतर संकलन करणारा तो ‘रिकामी जागा’ समजून उडवतो.

यातले ‘हे खरंच’ हे दोन शब्द वरवर फुकटचे वाटतात. ते काढून ‘पण’वर उडी मारली, तर पाऊस हे कारणच नव्हते, असा अर्थ निघतो. मूळ लेखाने पावसाला दिलेली पाच-सहा परिच्छेदांची दखल इथे एका वाक्यावर आली आहे, आणि एवढ्यावर तरी ती राहायलाच हवी. शेवटच्या वाक्यातले ‘कमी वेळा’ हेही तसेच. ‘पुन्हा लागणार नाही’ म्हणणे जास्त दणदणीत झाले असते, पण तसे वचन लेखकाने दिलेले नाही.

जे निवेदनात नाही ते चित्रात आहे. घागरींची रांग साडेतीनशे शब्दांची होती. आता ती चार सेकंदांचे दृश्य झाली, निवेदन नसलेले. लेखकाला आपला सर्वांत सुंदर परिच्छेद गेल्याचे दुःख होते, पण तो खरे तर गेलेला नाही. उलट दिसते तेच बोलून दाखवणे ही या कामातली नेहमीची उधळपट्टी. पडद्यावर भेगाळलेले धरण असताना ‘धरण कोरडं पडलं आहे’ म्हणणारा निवेदक तीन सेकंद वाया घालवतो.

चित्रही खोटे बोलू शकते. ‘हा एक एकर ऊस’ म्हणताना हाताशी असलेले कोल्हापूरकडच्या फडाचे चित्रण लावले, तर पंचगंगेच्या काठचा ऊस लातूरच्या टंचाईचा साक्षीदार होतो. तिथले पाणी, तिथला पाऊस, सगळेच वेगळे. लातूरकडचा बघणारा बांधावरून ओळखतो. चित्रण मिळत नसेल तर साधे रेखाटन बरे: एक चौकोन, त्यात ऊस, आणि शेजारी एकामागून एक सरकत येणाऱ्या शंभर वाघिणी.

बरेच लोक फोनचा आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून पडद्यावरची अक्षरे हाही पटकथेचाच भाग. सगळे निवेदन उपशीर्षकांत जाते, ते ठीक. पण मोठ्या ठशात काय येते ते महत्त्वाचे. ‘५ लाख लिटर’ मोठे आणि ‘१ एकर = २ गाड्या’ लहान अशी मांडणी झाली, की आवाजाने सांभाळलेला मुद्दा अक्षरांनी हरवला.

मुद्दा वाचला की नाही, हे तपासायची रीत सोपी आहे. लेख न वाचलेल्या माणसाला व्हिडिओ एकदाच दाखवायचा आणि ‘कसा वाटला’ हे विचारायचेच नाही. विचारायचे, ‘लातूरला पाणी का नव्हतं?’ उत्तर ‘पाऊस नव्हता म्हणून’ असे आले, तर गाडीच्या चित्राने बाजी मारली. ‘शेतकरी ऊस लावतात म्हणून’ आले, तर पहिला भाग पोचला आणि दुसरा सांडला. अशा वेळी तुरीच्या वाक्यापाशी काहीतरी गडबड आहे, बहुधा वेग. ‘ऊस खात्रीने विकला जातो आणि बाकीचं नाही, म्हणून’ अशा अर्थाचे काही आले, कितीही ओबडधोबड शब्दांत, की काम झाले. दुसरा प्रेक्षक शक्यतो ऊस लावणारा असावा. तो कुठल्या वाक्याला ‘असं कसं?’ म्हणतो तिकडे कान द्यावा. या पटकथेत तो ‘माल पडून राहत नाही’पाशी थांबवील. जास्त ऊस झालेल्या वर्षी तोडणीची पाळी लांबते आणि ऊस फडातच वाळतो, हे त्याने भोगलेले असते. मग तिथे ‘सहसा’ हा एक शब्द घालावा लागतो. त्याची किंमत अर्धा सेकंद.

एवढे झाल्यावर शेवटची अडचण येते ती भलत्याच टेबलावरून. व्हिडिओ प्रसिद्ध करणारा सहकारी मुखचित्र आणि शीर्षक निवडतो. त्याला घाई असते आणि डोळ्यांत भरणारी एकच गोष्ट दिसते. रिकाम्या घागरीजवळ बसलेली म्हातारी, आणि वर ‘तहानलेलं लातूर!’ ज्याने फक्त एवढेच पाहिले आणि बोट पुढे सरकवले, त्याच्यापुरता लेख पुन्हा दुष्काळाच्या करुण कहाणीत जमा. म्हणून पटकथा लिहिणारे हल्ली पानाच्या तळाशी मुखचित्रही लिहून देतात. या पानाच्या तळाशी असे लिहिलेले आहे: वरच्या अर्ध्यात वाघिणींची रांग, खालच्या अर्ध्यात उसाचा फड, मधल्या पट्टीत चार शब्द. दोन गाड्या, एक एकर. म्हातारी नको.